फोटोतली प्रश्नपत्रिका टाइप करताना क्रमांक, विभाग आणि गुण कसे जपायचे?

प्रश्न: माझ्याकडे दहावीच्या विज्ञान भाग १ च्या सराव प्रश्नपत्रिकेचा मोबाइलवर काढलेला फोटो आहे. ती वर्डमध्ये टाइप केलेली हवी आहे. मजकूर कॉपी केला की गुण आणि क्रमांक कुठल्या कुठे जातात. काय करू?

उत्तर: मी नाशिकला टायपिंगची कामं घेतो. परीक्षा जवळ आल्या की सिन्नर-दिंडोरीकडच्या शिक्षकांचे असेच फोटो येतात. माझी पद्धत उलटी आहे: आधी सांगाडा हाताने टाइप करायचा, मजकूर नंतर भरायचा.

कारण सोपं आहे. फोटो ड्राइव्हवर टाकून Open with → Google Docs केलं की मराठी मजकूर बऱ्यापैकी निघतो, पण उजव्या कडेचे गुण त्या यंत्राला वेगळा स्तंभ वाटतात. मग ते एखाद्या ओळीला चिकटतात, पानाच्या तळाशी ढीग होऊन पडतात, नाहीतर गायबच होतात. बहुपर्यायी प्रश्नाचे शेजारी-शेजारी छापलेले पर्यायही एकमेकांत मिसळतात.

म्हणून फोटो समोर ठेवून फक्त शीर्षकं टाइप करा. तुमचा पेपर मंडळाच्या नमुन्याचा असेल तर सांगाडा असा येईल: प्र. १ (अ) ५ गुण, (ब) ५ गुण, प्र. २ (अ) शास्त्रीय कारणे, कोणतेही दोन, ४ गुण, (ब) कोणतेही तीन, ६ गुण, प्र. ३ कोणतेही पाच, १५ गुण, प्र. ४ कोणताही एक, ५ गुण. बेरीज ४०. ती जुळली नाही तर कुठलातरी आकडा फोटोतून चुकीचा वाचला गेला आहे. पुसट छपाईत १ आणि ९ हमखास फसवतात. पण नुसत्या बेरजेवर विसंबू नका. प्र. २ मधले ४ आणि ६ अदलाबदल झाले तरी बेरीज ४०च येते. त्यामुळे गुणाकारही तपासा: दोन प्रश्न गुणिले २ म्हणजे ४, तीन गुणिले २ म्हणजे ६, पाच गुणिले ३ म्हणजे १५. आणि जास्तीचे पर्यायी प्रश्न मोजू नका. प्र. ३ मध्ये आठ प्रश्न छापलेले असतात, सोडवायचे पाच, म्हणून गुण १५च.

आता गुण जागेवर बसवणं. स्पेस दाबत दाबत गुण उजवीकडे नेणारे लोक मला रोज भेटतात. फॉन्ट बदलला की सगळे आकडे नागमोडी होतात. ए-४ पान २१ सेंमी रुंद असतं. दोन्ही बाजूंना २ सेंमी समास ठेवला की १७ सेंमी उरतात. Paragraph मधल्या Tabs मध्ये १७ सेंमीवर Right टॅब लावा आणि त्याच परिच्छेदाचा Right indent १.५ सेंमी करा. असं केल्यावर लांबलचक प्रश्न गुणांच्या अलीकडेच दुसऱ्या ओळीवर वळतो आणि टॅब दाबून लिहिलेला गुण कडेला सरळ रेषेत बसतो.

क्रमांकांचं म्हणाल तर अ, ब, क, ड मी हातानेच लिहितो, कारण आपला हा क्रम वर्डच्या तयार यादीत मिळत नाही. आतले (१), (२) आपोआप दिलेत तर एक गोष्ट बघा: (अ) मध्ये पाच उपप्रश्न झाले की (ब) चा पहिला उपप्रश्न ६ व्या क्रमांकाने सुरू होतो. त्या आकड्यावर उजवं क्लिक करून Restart at 1 निवडा. पर्यायांसाठी ८.५ सेंमीवर आणखी एक टॅब पुरे, आणि जोड्या लावा असेल तर कडा लपवलेला तक्ता करा.

सांगाडा तयार झाला की मग ड्राइव्हमधला मजकूर एकेका प्रश्नाखाली पेस्ट करा, तोही Keep Text Only निवडून, नाहीतर बाहेरचं फॉरमॅटिंग येऊन वरची सगळी मेहनत वाया जाते. विज्ञानाच्या पेपरात सूत्रं बघाच: H₂SO₄ मधले खालचे आकडे सरळ होऊन येतात. तो आकडा निवडून Ctrl + = दाबा. आकृत्या मात्र फोटोतून कापून चिकटवाव्या लागतात, आणि फोटो अंधुक असेल तर त्या पुन्हा काढाव्या लागतात.

फोटोबद्दल एकच सांगतो: व्हॉट्सअ‍ॅपवर तो Document म्हणून मागवा. साध्या फोटोसारखा पाठवला की तो दाबला जातो आणि मात्रा-अनुस्वार पुसट होतात. पान सपाट ठेवून, खिडकीजवळ, बरोबर वरून काढलेला असला तर निम्मं काम तिथेच होतं.

छापखान्यात देताना वर्ड फाइल नको, पीडीएफ द्या. त्यांच्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसला तर ओळी सरकतात. आणि पीडीएफ करण्याआधी प्रत्येक शीर्षकाला Keep with next लावा, नाहीतर "प्र. ३ खालीलपैकी कोणतेही पाच सोडवा" एका पानाच्या तळाला आणि प्रश्न पुढच्या पानावर अशी गत होते.