एकच प्रॉडक्ट असलेल्या छोट्या युनिटचा ब्रेक-इव्हन कसा काढायचा?

प्रश्न: रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. पाण्याच्या टाकीचा बॉल कॉक, एवढंच बनवतो. भाव 120 रुपये, जीएसटी वेगळा. नगामागे खर्च 75: दाणा आणि पितळी दांडी 52, पॅकिंग 5, मशीनची वीज 6, मजुरी 12 (चार कामगारांचा पगार 60,000 भागिले 5,000 नग). म्हणजे कॉन्ट्रिब्युशन 45. गाळ्याचं भाडं, सुपरवायझर, व्याज, घसारा मिळून महिना 1,80,000. किती नग विकले की ना नफा ना तोटा? आणि ती विक्री रुपयांत किती?

उत्तर:

तुमचे आकडे जसेच्या तसे धरले तर हिशोब दोन ओळींचा आहे. स्थिर खर्चाला नगामागच्या कॉन्ट्रिब्युशनने भागा: 1,80,000 ÷ 45 = 4,000 नग. रुपयांत हवं असेल तर 120 ने गुणा, 4,80,000. परीक्षेत एवढ्यावर पूर्ण मार्क मिळतील. पण महिन्याला 4,000 नग विकून तुमचा खर्च भरून निघणार नाही. 12,000 रुपये खिशातून जातील.

गडबड मजुरीच्या त्या 12 रुपयांत आहे. मी वागळे इस्टेटमधल्या छोट्या कारखान्यांचं कॉस्टिंग करतो, तिथेही हे सारखं दिसतं. कंसात तुम्हीच लिहिलंय की कामगार महिन्याच्या पगारावर आहेत. ऑर्डर 3,000 ची असो की 5,000 ची, 60,000 द्यायचेच. 5,000 ने भागल्यावर तो खर्च नगाला चिकटल्यासारखा दिसतो, इतकंच. नग कमी झाले म्हणून तो कमी होत नाही. तुम्ही नगावर मजुरी देत असता, म्हणजे पीस-रेटवर, तर 12 रुपये तिथे ठेवणं बरोबर होतं.

म्हणून मजुरी उचलून स्थिर खर्चात टाका. बदलता खर्च 63 उरतो, कॉन्ट्रिब्युशन 57 होतं आणि स्थिर खर्च 2,40,000. आता 2,40,000 ÷ 57 = 4,210.5. अर्धा नग विकता येत नाही आणि 4,210 वर थोडा तोटा राहतोच, त्यामुळे वरचा आकडा घ्यायचा: 4,211 नग, विक्री 5,05,320 रुपये. दुसऱ्या वाटेने, 57 भागिले 120 म्हणजे 47.5 टक्के, आणि 2,40,000 ला 0.475 ने भागलं की 5,05,263 येतात. फरक फक्त त्या अर्ध्या नगाचा आहे.

हे इतके दिवस लक्षात का आलं नसेल? कारण 5,000 नगांच्या महिन्यात दोन्ही हिशोब एकच उत्तर देतात, नफा 45,000. चांगल्या महिन्यात चूक लपते, मंदीत उघडी पडते. 3,000 नग विकलेला एखादा महिना वहीत शोधा. जुन्या हिशोबाने तोटा 45,000 दिसायला हवा, प्रत्यक्षात 69,000 च्या आसपास असेल. मधले 24,000 म्हणजे न बनलेल्या 2,000 नगांवरची मजुरी.

विजेचं बिलही एकदा उघडून बघा. त्यात मशीन बंद असलं तरी लागणारा फिक्स्ड किंवा डिमांड चार्ज असतो. तुमचे 6 रुपये संपूर्ण बिल भागून काढले असतील तर तोही भाग वेगळा करून स्थिर खर्चात टाका. रक्कम बहुतेक छोटी निघेल, पण 4,211 थोडा सरकेल.

जीएसटी वेगळा धरलात हे उत्तम केलंत. फक्त बँकेत आलेले पैसे बघून विक्री मोजू नका. 18 टक्क्यांनी 120 चा नग खात्यात 141.60 म्हणून येतो आणि वरचे 21.60 तुमचे नसतात. 5,05,320 ची विक्री खात्यात साधारण 5,96,000 दिसेल.

आणि एक, जे तुम्ही विचारलं नाहीत. डीलर "पाच टक्के सोडा की" म्हणतो तेव्हा 6 रुपये किरकोळ वाटतात. पण ते भावातून जातात तसे सगळेच्या सगळे कॉन्ट्रिब्युशनमधूनही जातात. 57 चे 51 होतात, आणि 2,40,000 ÷ 51 म्हणजे 4,706 नग. भाव पाच टक्के उतरला, पण त्याच जागी उभं राहायला जवळपास 500 नग, म्हणजे पावणेबारा टक्के माल जास्त खपवावा लागला. डीलर तेवढी जादा ऑर्डर लिहून देत असेल आणि ओव्हरटाइम न लावता तुमच्या मशीनवर ती निघत असेल, तरच हो म्हणा. ओव्हरटाइम लागला तर तो नगामागचा खर्च धरायचा, आणि मग 51 सुद्धा राहत नाहीत.