शेळ्यांची आंत्रविषाराची लस पुण्याहून शिरूरला न्यायची आहे. बर्फात गाडून नेली तर चालेल का? घरच्या फ्रीजमध्ये ठेवता येईल का? आणि खराब झाली तर ओळखायची कशी?

बर्फात गाडून अजिबात नेऊ नका. पशुधन पर्यवेक्षक म्हणून काम करताना मला उन्हाने बिघडलेल्या लसीइतकीच गोठून बिघडलेली लस दिसते आणि ती बहुतेक वेळा काळजी घेणाऱ्या माणसाच्याच डब्यात असते. आंत्रविषाराची लस ही मारलेल्या जंतूंची आणि त्यांच्या निष्प्रभ केलेल्या विषाची असते आणि सहसा तुरटीसारख्या ॲल्युमिनियमच्या जेलवर बसवलेली असते. ती गोठली की जेलचे बारीक कण एकमेकांना चिकटून जाडसर होतात. वितळल्यावर ते पूर्वीसारखे होत नाहीत आणि लसीची ताकद जाते. म्हणून तापमान २ ते ८ अंश हवं. शून्याच्या खाली एकदाही जाता कामा नये.

नेण्यासाठी जाड थर्मोकोलचा डबा आणि अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या तीन-चार गोठवलेल्या बाटल्या पुरतात. फ्रीझरमधून काढलेली बाटली लगेच डब्यात घालू नका, कारण तेव्हा तिचं तापमान शून्याच्या बरंच खाली असतं. ती बाहेर ठेवा आणि अधूनमधून कानाजवळ धरून हलवा. आत बर्फाभोवती पाणी खळखळायला लागलं की ती शून्य अंशावर आली. मग पुसून डब्याच्या कडेने उभी करा. लसीची बाटली तिच्या खोक्यासकट प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि मधे पुठ्ठा ठेवा, म्हणजे बर्फाची बाटली तिला थेट टेकणार नाही. झाकणाला चिकटपट्टी लावा. असा डबा वाघोलीच्या कोंडीत अडकलात तरी दम धरतो, फक्त तो उन्हात तापलेल्या डिकीत ठेवू नका. बर्फात मीठ मात्र चुकूनही घालू नका. मिठाने बर्फ शून्याच्या खाली जातो आणि लस गोठते.

घरच्या फ्रीजमध्ये ठेवता येते, पण जागा निवडून. एका दाराच्या फ्रीजमध्ये फ्रीझरच्या लगेच खालचा कप्पा आणि मागची भिंत, दोन्हीकडे गोठण्याचा धोका असतो. दार उघडलं की दारातल्या कप्प्याला गरम हवा लागते. मधल्या कप्प्यात, भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. शेजारी पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवून सकाळ-संध्याकाळ बघा. खालच्या कप्प्यात पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या तर वीज गेल्यावर गारवा जास्त वेळ टिकतो, अर्थात दार उघडलं नाही तर. तरीही माझं मत असं की लस टोचायच्या आदल्या दिवशीच आणावी.

आता ओळखण्याबद्दल. गोठून घट्ट झालेली बाटली दिसली तर तपासत बसू नका, टाकून द्या. पंचाईत होते ती गोठून वितळलेल्या बाटलीची, कारण ती वरवर ठीक दिसते. त्यासाठी हलवून बघायची चाचणी आहे. त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम रात्रभर फ्रीझरमध्ये गोठवून सकाळी आपोआप वितळू द्यायची. ही बाटली वाया जाणार, म्हणून तिच्यावर खूण करा. मग ती आणि संशयातली, दोन्ही दहा-पंधरा सेकंद हलवून सपाट जागेवर शेजारी ठेवा आणि अर्धा तास बघा. चांगली लस बराच वेळ एकसारखी गढूळ राहते, गाळ सावकाश बसतो. गोठलेलीत दाणेदार गाळ झटपट खाली बसतो आणि वरचं पाणी निवळतं. संशयातली बाटली गोठवलेलीच्या बरोबरीने निवळली, तर ती गेली. तुमच्याकडे एकच बाटली असेल तर ही तुलना होणार नाही. तेव्हा संशय असला की ती वापरू नका.

ही चाचणी ॲल्युमिनियमच्या लसीपुरतीच. गाईंना लाळ्या-खुरकुताची तेलकट लस देत असाल, तर तेल आणि पाणी वेगळं झालंय आणि हलवूनही एकजीव होत नाही, ही तिची खूण. पीपीआरची लस जिवंत विषाणूची, वाळवलेली असते; तिचा शत्रू उष्णता आणि ऊन. द्रावण घालून विरघळवली की ती गारव्यात, सावलीत ठेवून लेबलवर सांगितलेल्या वेळात संपवा आणि त्या सिरिंजला स्पिरिट लावू नका, जिवंत लस त्याने मरते.

उष्णतेने गेलेली लस मात्र डोळ्यांना कळत नाही. रंग तोच, गढूळपणा तोच. तिथे थर्मामीटरच्या नोंदीवरच भरवसा ठेवावा लागतो. म्हणून घेताना दुकानदाराच्या फ्रीजचं तापमान विचारा आणि बाटलीवरची मुदत वाचा. संशयातली लस आधीच टोचून झाली असेल, तर त्या शेळ्या लस न दिलेल्या समजा आणि पावसाळ्यातला कोवळा चारा सुरू व्हायच्या आत पशुवैद्यकांना विचारून पुन्हा द्या.