अंबडच्या प्लँटची सिक्युरिटी तुमच्याकडे सोपवताना

नमस्कार,

पहिल्या आठवड्यात फायरवॉल, डोमेन कंट्रोलर आणि बॅकअप सर्व्हर एवढंच समजून घ्या. सगळे पासवर्ड व्हॉल्टमध्ये आहेत. व्हॉल्टच बंद पडला, तर आणीबाणीच्या अ‍ॅडमिन खात्याचा पासवर्ड अकाउंट्सच्या तिजोरीत सीलबंद पाकिटात आहे. पाकीट उघडलंत तर रजिस्टरमध्ये नोंद करा आणि काम संपताच पासवर्ड बदला. एक्सेलमध्ये प्रत मात्र ठेवू नका.

मला खरी काळजी आहे ती `svc-backup`ची. या खात्याला डोमेन अ‍ॅडमिनचे अधिकार आहेत आणि त्याचा पासवर्ड माहीत असलेली काही माणसं कंपनी सोडून गेली आहेत. तरी तो लगेच बदलू नका. जुना पासवर्ड एखाद्या शेड्यूल्ड टास्कमध्ये साठवलेला असतो आणि रात्रीचा बॅकअप गुपचूप थांबतो.

आधी प्रत्येक सर्व्हरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये या खात्याच्या यशस्वी लॉगऑनच्या `4624` नोंदी शोधा. लॉगऑन टाइप `4` म्हणजे शेड्यूल्ड टास्क, `5` म्हणजे सर्व्हिस. महिनाअखेरचे जॉब सुटू नयेत म्हणून ही यादी पूर्ण महिनाभर करा. मग पासवर्ड बदला, यादीतल्या प्रत्येक ठिकाणी नवा भरा आणि फसलेल्या लॉगऑनच्या `4625` नोंदीवर लक्ष ठेवा. ती नोंद दिसली, तर कुठेतरी जुनाच पासवर्ड राहिला आहे. अधिकार कमी करायचं काम त्यानंतर घ्या.