मल्टी-लेबल मॉडेलमध्ये कमी दिसणारे टॅग लागतच नाहीत, काय करावं?

प्रश्न: किनाऱ्यावरच्या फोटोंना एकावेळी अनेक टॅग लावणारं मॉडेल केलंय. शेवटी सिग्मॉइड, लॉस बायनरी क्रॉस-एन्ट्रॉपी. नेहमीचे टॅग नीट लागतात, पण क्वचित दिसणारे एकदाही लागत नाहीत. थ्रेशोल्ड सगळ्यांना ०.५ आहे. चूक कुठे असेल?

उत्तर: आधी त्या टॅगचे कच्चे स्कोर बघा, ०.५ ची चाळणी न लावता. हर्णै बंदरावरच्या लिलावातल्या पाट्यांचे फोटो टॅग करताना मला हाच अनुभव आला. बांगडा, कोळंबी, म्हाकूल व्यवस्थित लागत होते आणि शेवंड जवळजवळ गायब. स्कोर काढून पाहिले, तर शेवंड असलेले बरेच फोटो ०.२ ते ०.४ मध्ये होते आणि नसलेले बहुतेक ०.०५ च्या खाली. म्हणजे मॉडेलला शेवंड ओळखू येत होती, मीच तिला आत घेत नव्हतो.

सिग्मॉइडमुळे प्रत्येक टॅग हा स्वतंत्र हो-नाहीचा प्रश्न होतो, आणि क्रॉस-एन्ट्रॉपी मॉडेलला त्या प्रश्नाची खरी शक्यता सांगायला लावते. माझ्याकडे शंभरात चारच फोटोंत शेवंड होती. बर्फातून नुसत्या दोन मिशा वर आल्या असतील, तर ०.३ हे प्रामाणिक उत्तर आहे. चार टक्क्यांच्या मानाने ते बरंच मोठंही आहे.

म्हणून थ्रेशोल्ड टॅगागणिक वेगळा काढा, तोही व्हॅलिडेशनच्या फोटोंवर:

```python
p, r, t = precision_recall_curve(y[:, k], prob[:, k])
f1 = 2 * p * r / (p + r + 1e-9)
thr[k] = t[f1[:-1].argmax()]
```

माझ्या ६०० व्हॅलिडेशन फोटोंपैकी २४ मध्ये शेवंड होती. ०.५ वर पाचच सापडल्या, पाचही बरोबर. F1 आला ०.३४. ०.२२ वर मॉडेलने २५ फोटोंना टॅग लावला, त्यातले १८ बरोबर. F1 ०.७३ झाला.

इथे बरेच जण थांबतात, पण तो ०.२२ मला खटकला. स्कोर खरोखर शक्यता सांगत असतील, तर सर्वोत्तम F1 देणारा थ्रेशोल्ड त्या F1 च्या निम्म्यावर येतो, हे गणिताने सिद्ध आहे. (०.५ योग्य ठरायला F1 पूर्ण १ हवा, हेही त्यातूनच निघतं.) माझा निम्मा होता ०.३७ च्या आसपास. २४ उदाहरणांत थोडं इकडेतिकडे होणारच, पण एवढा फरक म्हणजे मॉडेल शेवंडीचे स्कोर दाबून सांगतंय असा संशय घ्यायला जागा होती.

कारण लेबलांत सापडलं. व्हॅलिडेशनचे फोटो मी बंदरावरच्या एका काकूंबरोबर बसून टॅग केले होते. त्यांनी एका पाटीवर बोट ठेवून विचारलं, "ह्या कोळंबीखाली शेवंड हाय, दिसत नाय काय तुला?" ट्रेनिंगचे फोटो मात्र मुलांनी घाईत टॅग केले होते, पाटीत जे जास्त तेवढंच लिहून. न लिहिलेला टॅग क्रॉस-एन्ट्रॉपी सरळ 'नाही' धरते. शेवंड समोर असताना 'नाही' म्हणायला आम्हीच मॉडेलला शिकवत होतो.

सगळे फोटो पुन्हा तपासायची गरज पडली नाही. ट्रेनिंगमधले लेबल 'नाही' पण स्कोर ०.१५ च्या वर, असे १४० फोटो काढले. त्यातल्या ६१ मध्ये शेवंड निघाली. ती लेबलं सुधारून पुन्हा ट्रेन केल्यावर थ्रेशोल्ड ०.३८ आला, २६ पैकी २० टॅग बरोबर, F1 ०.८०. आता निम्म्याचा हिशोबही जुळला. ज्या फोटोंबद्दल खात्रीच नाही, तिथे तेवढ्या टॅगचा लॉस शून्याने गुणून बाजूला ठेवा. 'नाही' लिहू नका.

तुमच्याकडे `pos_weight` लावलेला असेल, तर स्कोर मुद्दाम फुगवलेले असतात, त्यामुळे निम्म्याचा ताळा तिथे चालणार नाही. थ्रेशोल्ड शोधणं मात्र तेव्हाही लागतंच. आणि एखाद्या टॅगचे कुठेच ०.५ च्या खाली स्कोर नसतील, तर `BCEWithLogitsLoss` वापरूनही मॉडेलच्या शेवटी सिग्मॉइड ठेवलाय आणि स्कोर काढताना तो पुन्हा लावलाय का ते बघा. दोनदा लागला की सगळे आकडे ०.५ ते ०.७३ मध्ये अडकतात.

एखाद्या टॅगची उदाहरणं आठ-दहाच असतील, तर त्यासाठी वेगळा थ्रेशोल्ड काढण्यात अर्थ नाही. व्हॅलिडेशनचे पाच भाग करून प्रत्येकात तो काढून बघा: एकात ०.१ आणि दुसऱ्यात ०.६ येत असेल, तर आधी फोटो गोळा करा. अंतिम F1 ही ज्या फोटोंवर थ्रेशोल्ड निवडला त्यांवर मोजू नका, वेगळे ठेवा. मी पावसाळी बंदी उठल्यावर ताजे फोटो घेऊन थ्रेशोल्ड पुन्हा तपासतो, कारण तेव्हा पाट्यांतल्या मासळीचं प्रमाणच बदललेलं असतं.