डबल रोलमधला जोड कुठे लपत असे?

प्रश्न : जुन्या हिंदी चित्रपटांत एकच नट एकाच फ्रेममध्ये दोनदा कसा दिसायचा? तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, मग मधला जोड कळत कसा नसे?

कॅमेरा जागचा न हलवता एकाच निगेटिव्हवर दोनदा चित्रण करत आणि दर खेपेला भिंगासमोरची अर्धी बाजू काळ्या पत्र्याने किंवा पुठ्ठ्याने झाकत. मुंबईच्या स्टुडिओंत याला मास्क शॉट म्हणत. मी कॅमेरा विभागात साहाय्यक होतो, त्यामुळे हे काम जवळून पाहिले आहे.

समजा, जुळ्या भावांच्या संभाषणाचा वीस सेकंदांचा शॉट घ्यायचा आहे. थोरला डावीकडे खुर्चीत बसलेला, धाकटा उजवीकडे उभा. सेकंदाला २४ फ्रेम या हिशेबाने ४८० फ्रेम, म्हणजे ३५ मिलिमीटरची तीस फूट फिल्म लागते. आधी उजवी बाजू झाकून थोरल्याचा अभिनय टिपायचा. मग भिंगावर झाकण लावून फिल्म काउंटरवर मोजत नेमकी पहिल्या फ्रेमपर्यंत मागे घ्यायची. नट कपडे आणि मेकअप बदलून येईपर्यंत कॅमेऱ्याला कोणी हातही लावायचा नाही. त्यानंतर डावी बाजू झाकून त्याच फिल्मवर धाकट्याचे चित्रण करायचे. दुसऱ्या खेपेला नट अडखळला, तर पहिल्या खेपेचे चांगले कामही वाया जाई, कारण निगेटिव्ह एकच.

जोड दिसत नसे, कारण मास्कची कड मुळात रेघ नसतेच. मास्क भिंगाच्या अगदी जवळ असल्यामुळे तो फोकसमध्ये येत नाही आणि त्याची कड धूसर पट्ट्यासारखी उमटते. या पट्ट्यात एखाद्या ठिकाणी पहिल्या खेपेला सत्तर टक्के प्रकाश पोहोचला, तर दुसऱ्या खेपेला उरलेला तीस टक्के पोहोचावा लागतो. बेरीज पूर्ण झाली की जोड नाहीसा होतो. दुसरा मास्क किंचित जास्त आत सरकला तर मधोमध काळसर पट्टा येतो, कमी पडला तर उजळ पट्टा येतो. शिवाय या पट्ट्याची रुंदी अ‍ॅपर्चरवर, म्हणजे भिंगातून प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राच्या आकारावर अवलंबून असते. त्यामुळे दुपारी प्रकाश उतरला म्हणून अ‍ॅपर्चर थोडे उघडू, ही नेहमीची सोय येथे चालत नाही, आणि म्हणूनच असे शॉट शक्यतो स्टुडिओच्या बंद फ्लोअरवर घेत, जिथे सूर्य आणि सावल्या सरकत नाहीत. फ्लोअरवरही विजेचा दाब उतरला की दिवे पिवळट होत. कृष्णधवल फिल्मवर हा फरक फारसा खटकत नसे, रंगीत फिल्मवर मात्र एकाच भिंतीच्या दोन छटा उमटत.

एवढे करूनही कलादिग्दर्शकाची मदत घेतली जाई. दोन खेपांची सीमा खांबावर, दाराच्या चौकटीवर किंवा पडद्याच्या कडेवर आणत. भिंगामागच्या ज्या चौकटीत फिल्मवर प्रकाश पडतो, त्या गेटमध्ये ती किंचित जरी डुलली, तरी दोन अर्धी चित्रे एकमेकांपाशी थरथरत. त्यामुळे प्रत्येक फ्रेम पिनांनी घट्ट धरून ठेवणारा मिचेल कॅमेरा अशा कामासाठी पसंत केला जाई. नटाचा हात तर सोडाच, त्याची सावलीही सीमेपलीकडे गेली की कापल्यासारखी नाहीशी होई. नजरेसाठी समोरच्या भावाच्या डोळ्यांच्या उंचीवर खूण लावून काठी उभी करत आणि त्याचे संवाद साहाय्यक बाहेरून वाचे. आवाज पुढे डबिंगमध्ये भरायचा असला, तर या वाचनाची अडचण होत नसे.

भावांनी गळाभेट घ्यायची झाली की मास्क निरुपयोगी ठरे. तिथे पाठमोरा डुप्लिकेट उभा करून एकाचा चेहरा दाखवत आणि कट करून दुसऱ्याचा. बारकाईने पाहिलेत, तर मिठीच्या प्रसंगात दोन्ही चेहरे एका शॉटमध्ये सहसा सापडणार नाहीत.

माझ्या मते या अडचणींची खरी सोडवणूक कथानकातच होती. ‘राम और श्याम’ (१९६७) आणि ‘सीता और गीता’ (१९७२) यांत जुळी भावंडे एकमेकांच्या घरी जातात, त्यामुळे बराच चित्रपट एका वेळी एकच व्यक्तिरेखा समोर ठेवून पुढे सरकतो आणि मास्कचे मोजके शॉट भेटीच्या प्रसंगांसाठी राखून ठेवता येतात. ‘डॉन’मध्ये (१९७८) तर डॉन मेल्यावरच विजयला त्याच्या जागी पाठवले जाते, म्हणजे दोघांना समोरासमोर आणण्याची गरजच उरत नाही. ‘हम दोनों’ (१९६१) मात्र दोन्ही देव आनंदांना आधी भेटवतो, आणि एकाच्या मिशीमुळे प्रेक्षकाला कोण कोणता हे चटकन कळते. पुढच्या वेळी तो पाहाल, तेव्हा दोघे एकत्र असलेल्या शॉटमध्ये चेहऱ्यांकडे न पाहता त्यांच्या मधल्या भिंतीकडे आणि खांबांकडे पाहा.