ट्रेंडिंग ऑडिओने रीच खरंच वाढतो, की चार दिवसांपुरता उसना मिळतो?

प्रश्न: इन्स्टाग्रामवर माझं टेरेस गार्डनचं पेज आहे, १,२०० फॉलोअर्स. एरवी रीलला ७००-८०० व्ह्यूज येतात. ट्रेंडिंग ऑडिओवर ८ सेकंदांची एक रील टाकली तर ४१,००० आले, पण फॉलोअर्स ३१च वाढले आणि पुढच्या रील्स परत ८००वर. आता प्रत्येक रीलला ट्रेंडिंग ऑडिओ लावू का?

उत्तर: नको. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून तरी हा रीच उसना दिसतोय. पण एका रीलवरून निकाल लावू नका. घरबसल्या तपासता येतं.

आधी ४१,००० या आकड्यातली हवा काढू. इन्स्टाग्राम पुन्हा पाहिलेलंही व्ह्यूजमध्ये मोजतं. ८ सेकंदांची रील संपली की आपोआप परत सुरू होते, त्यामुळे बघणारा दोनदा घुटमळला तरी व्ह्यूज फुगतात, माणूस मात्र एकच असतो. त्या रीलच्या इनसाइट्समध्ये Accounts reached बघा. समजा तिथे २३,००० आहे. ३१ फॉलोअर्सना २३ने भागा: दर हजार माणसांमागे जेमतेम १.३. आता तुमच्या आवाजातली एखादी साधी रील घ्या, समजा मिरचीवरच्या चुरडा-मुरडा रोगाची. ती १,४०० जणांपर्यंत पोहोचली आणि ७ फॉलोअर्स मिळाले, तर दर हजारी ५. म्हणजे जिला तुम्ही पडलेली समजत होता, ती माणूस जोडण्यात जवळजवळ चौपट सरस. व्ह्यूजची तुलना करायची तर ती सारख्या लांबीच्या रील्सचीच करा. ८ सेकंदांची रील ४० सेकंदांच्या रीलशेजारी ठेवून काही कळत नाही.

दुसरी तपासणी जास्त महत्त्वाची. रीच खरोखर वाढला असेल तर तो ट्रेंडिंग ऑडिओ *नसलेल्या* रील्समध्ये दिसायला हवा. त्या रीलच्या आधीच्या, तुमच्या आवाजातल्या दहा रील्सचे व्ह्यूज लहानापासून मोठ्यापर्यंत लिहा आणि पाचव्या-सहाव्या आकड्याच्या मधला आकडा घ्या. सरासरी घेऊ नका, एखादी चाललेली रील ती बिघडवते. मग ट्रेंडची रील टाकल्यानंतरचे साधारण दोन आठवडे सोडून द्या, कारण तेवढ्यात नवे लोक प्रोफाइलवर येऊन जुन्या-नव्या रील्स चाळतात. त्यानंतरच्या दहा रील्सचा मधला आकडा काढा. सगळ्या रील्सचे व्ह्यूज टाकल्यापासून सातव्या दिवसाचे घ्या, नाहीतर जुन्या रीलला जास्त दिवस मिळाल्याने ती मोठी दिसेल. जुन्यांचे सातव्या दिवसाचे आकडे टिपलेले नसतील तर आजपासून टिपायला लागा आणि पुढच्या ट्रेंडच्या रीलला हा हिशोब लावा.

आधी ७८० आणि नंतर ८१० आला तर काही उरलं नाही. ३१ फॉलोअर्स म्हणजे १,२००च्या अडीच टक्के, तेवढी वाढ तर नुसत्या त्यांनी पाहिल्यानेही होईल. छोट्या पेजवर आकडे इतके वरखाली होतात की दहा-पंधरा टक्क्यांचा फरक मी मोजतच नाही. १,०५०-१,१००च्या पुढे गेला आणि तिथेच टिकला, तर मात्र ट्रेंडने काहीतरी मागे ठेवलं असं म्हणता येईल.

असं का होतं? ट्रेंडिंग ऑडिओ तुमची रील अशा लोकांसमोर नेऊ शकतो, जे तो ऑडिओ आधीच चवीने बघतायत. ते त्या गमतीसाठी थांबले होते, कुंडीतल्या मेथीसाठी नाही. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये रील किती लोकांना दाखवायची हे ठरवणारे तीन मुख्य संकेत सांगितले होते: किती वेळ पाहिलं, पोहोचलेल्यांपैकी किती जणांनी लाइक केलं, किती जणांनी दुसऱ्याला पाठवलं. अनोळखी लोकांपर्यंत जाण्यात त्यातलं पाठवणं जास्त भारी. हा हिशोब बहुतांशी प्रत्येक रीलपुरता नव्याने होतो. मागच्या रीलची पुण्याई पुढच्या रीलला मिळते ती मुख्यतः अशी, की आलेले फॉलोअर्स पुढची रील थांबून बघतात. ते गमतीसाठी आलेले असतील तर तुमची कंपोस्टची रील अंगठ्याने वर सरकवून मोकळे होतात, आणि मग फॉलोअर्स वाढूनही रीच जागचा हलत नाही. असे फॉलोअर्स कमी आले तर एका अर्थी बरंच.

काही वेळा मात्र ट्रेंड खरंच टिकाऊ माणसं आणतो: ऑडिओतली गंमत तुमच्या विषयावरच बसते तेव्हा. समजा ऑडिओच्या पहिल्या भागात एखादा शपथ घेतो आणि दुसऱ्या भागात ती मोडतो. त्यावर पडद्यावर आधी येतं “नर्सरीतून फक्त मातीची पिशवी आणायचीय” आणि मग स्कूटीच्या पायाशी चार रोपं, हॅंडलला जास्वंद. हे बागवाला दुसऱ्या बागवाल्यालाच पाठवतो, आणि ज्याला पाठवलं तो तुमचाच माणूस. याउलट कुंड्यांसमोर उभं राहून ट्रेंडची स्टेप केली तर विषय नुसता पडद्यामागे राहतो. ओळखायची सोपी रीत: रील म्यूट करून कुणालातरी पहिले दोन सेकंद दाखवा. हे बागेचं पेज आहे असं त्यांना कळलं नाही, तर ते काम ऑडिओ करणार नाही.

पुराव्यानिशी बघायचं असेल तर ट्रायल रील वापरा. डिसेंबर २०२४ मध्ये आलेली ही सोय प्रोफेशनल अकाउंटवर रील आधी फॉलोअर्स नसलेल्यांनाच दाखवते, त्यामुळे तुमची नेहमीची मंडळी आकड्यांत मिसळत नाहीत. ठीक चालली तर ती आपोआप सगळ्यांना दाखवण्याचा पर्याय असतो, तो बंद ठेवा. विषय आणि लांबी सारखी ठेवून दोन रील्स करा, एक ट्रेंडिंग ऑडिओवर, एक तुमच्या आवाजात. हुबेहूब तेच फुटेज दोन्हींत वापरू नका, दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवा. अशा निदान पाच जोड्या हव्यात. एका जोडीवर विश्वास ठेवला की चाललेला ट्रेंड लक्षात राहतो आणि आपटलेले चार विसरले जातात.

ट्रेंड निवडताना ऑडिओच्या नावाशेजारचा वर जाणारा बाण पुरेसा नाही. नावावर टॅप करून त्या ऑडिओवरच्या वरच्या रील्सच्या तारखा बघा. सगळ्या तीन-चार आठवड्यांपूर्वीच्या असतील तर वरात पुढे गेलीय. बिझनेस अकाउंट असेल तर बरीचशी लोकप्रिय गाणी वापरताच येत नाहीत. आणि हक्कांच्या कारणाने ऑडिओ मागाहून काढला गेला तर रील मुकी होते, म्हणून महत्त्वाची माहिती कधीही फक्त त्या ऑडिओच्या भरवशावर ठेवू नका. आपल्या आवाजाखाली ट्रेंडिंग गाणं अगदी बारीक लावायची युक्तीही फिरते. तोटा नाही, पण त्यातून वाढ झाली असं म्हणण्याआधी वरच्या जोड्यांत तीही घाला.

राहता राहिली ती ४१,००० वाली रील. ती अजून लोक आणत असेल तर आज प्रोफाइलवर वर तीन रील्स पिन करा, तिन्ही तुमच्या आवाजातल्या, पहिली चुरडा-मुरड्याची. त्या गमतीवरून कुणी नावावर टॅप करून आलंच, तर त्याला समोर बाग दिसू दे.