'मरे'चे शुक्लकाष्ठ संपेना, म्हणजे नक्की काय झालं?

प्रश्न: मी मूळची इंदूरची, घरी मराठीच बोलतो पण पेपर मराठी कधी आला नाही. दोन महिने झाले डोंबिवलीत राहायला येऊन. आज (मंगळवारी) सकाळी स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर एका पेपरचा फोटो काढला. मोठ्या अक्षरात "'मरे'चे शुक्लकाष्ठ संपेना!" आणि खाली "ऐन सोमवारी पेंटोग्राफ तुटला, जलद वाहतूक धिम्यावर, चाकरमान्यांच्या माथी 'लेटमार्क'". कोण मेलं? काष्ठ म्हणजे लाकूड, मग हे चितेचं लाकूड आहे का? आणि चाकर म्हणजे नोकर ना? साध्या मराठीत कोणी सांगेल का, आणि आज गाड्या बंद आहेत का?

उत्तर:

आधी काळजीचं मिटवू. कोणीही मेलेलं नाही, चिता वगैरे काही नाही, आणि ही बातमी कालची आहे. छापील पेपर रात्री तयार होतो, त्यामुळे मंगळवारच्या पेपरात "ऐन सोमवारी" दिसलं की ते काल घडून गेलेलं समजायचं. आजच्या गाड्यांचं त्यावरून काहीच कळत नाही, त्यासाठी इंडिकेटर बघा नाहीतर शेजारी विचारा.

आता 'मरे'. मरे म्हणजे मध्य रेल्वे, म आणि रे. तुमची कल्याण-डोंबिवलीवरून सीएसएमटीला जाणारी सेंट्रल लाइन, तीच. पश्चिम रेल्वेचं असंच 'परे' होतं, कोकणातल्या पेपरांत कोकण रेल्वेचं 'कोरे' होतं. ही रूपं फक्त पेपरात जगतात, बोलताना कोणी "मी मरेने जाते" म्हणत नाही, सगळे सेंट्रल आणि वेस्टर्नच म्हणतात, त्यामुळे घरी मराठी बोलून मोठं झालेल्या माणसालाही हा शब्द आयुष्यात कधी कानावर पडलेला नसतो. तुमचं मराठी कमी पडलं असं अजिबात नाही.

हे का करतात ते मी जवळून बघितलंय, काही वर्षं एका दैनिकात डेस्कवर होतो. पान लावताना मथळ्याला जागा ठरलेली असते, समजा तीन कॉलम, आणि अक्षर मोठंच ठेवायचं असतं. "मध्य रेल्वेचे" म्हणजे पाच अक्षरं आणि मधली मोकळी जागा, "'मरे'चे" म्हणजे तीन अक्षरं आणि दोन अवतरणचिन्हं. ऐकायला फरक किरकोळ वाटतो पण तेवढ्यानेच ओळ बसते नाहीतर शेवटचा शब्द खाली पडतो, आणि रात्री पान सोडायच्या घाईत कोणी फाँट लहान करू देत नाही.

ओळखायचं कसं, तर दोन खुणा आहेत. एक म्हणजे ती एकेरी अवतरणचिन्हं, पण ती कधी कधी गाळली जातात म्हणून त्यांच्यावर पूर्ण भरवसा नको. दुसरी खूण पक्की आहे. शब्दाला चे, ला, वर, ने असं काही चिकटलंय का ते बघा. मरेचे, मरेला, मरेवर. 'मरतो' या अर्थाचं जुनं 'मरे' हे क्रियापद आहे आणि त्याला 'चे' लागूच शकत नाही. चे लागला म्हणजे ते नाव आहे, विषय संपला. आणि क्रियापद बाईसारखं चालतं, 'मरे रखडली', कारण रेल्वे ती.

शुक्लकाष्ठ हा शब्द मात्र फोडू नका. तुम्ही काष्ठावरून लाकडापर्यंत बरोबर गेलात, पण आजच्या वापरात त्याचा लाकडाशी संबंध उरलेला नाही. शुक्लकाष्ठ म्हणजे मागे लागलेली, सुटता सुटत नाही अशी कटकट. ते नेहमी मागे लागतं, आणि मग सुटत नाही किंवा संपत नाही, ही दोन-तीन क्रियापदं सोडली तर त्याच्याबरोबर दुसरं फारसं काही येत नाही. माझी आई जुन्या घराच्या कागदपत्रांसाठी वर्षभर खेटे घालत होती, प्रत्येक वेळी एक नवीन कागद मागायचे, तेव्हा ती दारात चप्पल काढता काढता म्हणायची "हे शुक्लकाष्ठ कधी सुटणार देव जाणे". एकदाच आलेल्या संकटाला हा शब्द चालत नाही. पाय मोडला तर ते शुक्लकाष्ठ नाही, पाय बरा झाल्यावर दर महिन्याला तोच दुखायला लागला तर आहे. म्हणजे मथळ्याने न सांगता एक गोष्ट सांगितलीय, की मध्य रेल्वेवर आधीही असे घोळ झालेत आणि वाचणाऱ्याला ते आठवत असणार असं त्यांनी धरलंय. दोन महिन्यांपूर्वी आलेल्या माणसाला नेमकं हेच ठाऊक नसतं.

"संपेना" पण नीट बघण्यासारखं आहे. हा साधा "संपत नाही" नाही. पाऊस थांबेना, दार उघडेना, पोर झोपेना, यात आपण वाट बघतोय, प्रयत्न करतोय आणि ती गोष्ट दाद देत नाहीये असा जीव मेटाकुटीला आल्याचा भाव असतो. बोलताना आपण म्हणतो "संपायचं नावच घेत नाही". तसंच "ऐन". ऐन दिवाळीत, ऐन परीक्षेत, ऐन सोमवारी. याचा अर्थ फक्त 'सोमवारी' असा घेतलात तर तक्रार गळून पडते. बोलीत "नेमकं सोमवारीच" म्हणा, मग बसतं.

आता खालची ओळ. पेंटोग्राफ म्हणजे गाडीच्या टपावर असतो तो घडीचा सांगाडा, वरच्या ओव्हरहेड वायरला टेकून वीज घेतो, २५ हजार व्होल्टची. तो तुटला किंवा वायरमध्ये अडकला की ती गाडी जागेवर उभी आणि बऱ्याचदा वायरही खाली येते, म्हणजे तो ट्रॅकच गेला. सेंट्रलला सीएसएमटी ते कल्याण या पट्ट्यात जलद गाड्यांच्या दोन आणि धिम्या गाड्यांच्या दोन अशा वेगळ्या लाइनी आहेत. "जलद वाहतूक धिम्यावर" म्हणजे फास्ट ट्रॅक अडला म्हणून फास्ट गाड्या स्लो ट्रॅकवर वळवल्या. धिम्यावर म्हणजे धिम्या मार्गावर, मार्ग खाल्लाय. गंमत अशी नाही की फक्त फास्टवाल्यांना उशीर, आता सगळ्याच गाड्या एकाच रांगेत उभ्या राहणार, म्हणून स्लोने जाणाऱ्या मुंब्रा-कळव्याच्या माणसालाही तेवढाच त्रास. आणि तुमची फास्ट नेहमीच्या प्लॅटफॉर्मवर येणार नाही, जिना चढून पलीकडे पळावं लागतं. मथळ्यातले हे तीन शब्द वाचून डोंबिवलीचा माणूस हे सगळं चित्र डोळ्यापुढे आणतो.

इथेच एक सांगून ठेवतो कारण पुढे लागेल. अशा बातमीत क्रियापद कोणतं वापरलंय त्यावरून किती बिघडलंय ते कळतं. वाहतूक विस्कळीत म्हणजे गाड्या चालू आहेत पण उशिरा. रखडली म्हणजे थांबत थांबत, रडतखडत. वेळापत्रक कोलमडलं म्हणजे कुठली गाडी कधी येईल याचा नेम नाही. ठप्प म्हणजे पूर्ण बंद. तुमच्या मथळ्यात ठप्प नाहीये, म्हणजे काल गाड्या उशिरा का होईना पण चालल्या.

चाकरमानी हा शब्द मला फार जवळचा आहे, माझे आजोबा स्वतःला चाकरमानीच म्हणवायचे. चाकरी करणारा हे बरोबर, पण घरकाम करणारा नोकर नव्हे. मूळ वापर कोकणातला. गाव सोडून मुंबईला गिरणीत, ऑफिसात नोकरीला गेलेला आणि गणपतीला, शिमग्याला गावी येणारा तो चाकरमानी. म्हणून भाद्रपदाच्या तोंडावर "चाकरमानी निघाले" असा मथळा दिसला तर तो कोकणात निघालेल्यांबद्दल असतो. आणि एरवी मुंबईच्या पेपरात, रेल्वेच्या बातमीत, चाकरमानी म्हणजे रोज लोकलने ऑफिसला जाणारा कोणीही, मग तो कोकणातला असो, जळगावचा असो की इंदूरचा. म्हणजे या मथळ्यातल्या चाकरमानी तुम्हीच आहात. काही लोकांना यातला 'चाकर' खटकतो, २०२५ च्या गणपतीआधी अजित पवारांनी सरकारी कामकाजात त्याऐवजी 'कोकणवासीय' वापरायला सांगितलं होतं. माझं मत विचाराल तर हा शब्द राहावा, त्यात माणसाने कष्टाने घर चालवल्याचा मान आहे, पण ज्यांना खटकतो त्यांचंही म्हणणं समजून घेण्यासारखं आहे, तेव्हा तोंडावर कोणाला चाकरमानी म्हणू नका.

राहिलं "माथी लेटमार्क". माथी म्हणजे माथ्यावर, घरी दारी सोमवारी यातली जी ई आहे तीच. आपली चूक नसताना आपल्यावर येऊन पडलं, असा अर्थ. शेवटचं "बसला" खाल्लंय. लेटमार्क म्हणजे हजेरीत उशिराची खूण, आणि बऱ्याच ऑफिसांत असे तीन झाले की एक रजा कापतात, म्हणून तो शब्द इतका झोंबतो.

तर हाच मथळा तुमच्या शेजारच्या काकू काल संध्याकाळी जिन्यात कसा सांगतील? "अगं काय सांगू, सेंट्रलची कटकट संपायचं नावच घेत नाही बघ. आज नेमकं सोमवारीच कुठल्याशा गाडीचा पेंटोग्राफ तुटला, सगळ्या फास्ट गाड्या स्लोवर टाकल्या, आणि आमच्या ह्यांना काही कारण नसताना लेटमार्क बसला."

जाता जाता, असाच एक मथळा तुम्हाला इथे कधी ना कधी दिसेलच, "रोज 'मरे' त्याला कोण रडे". ही जुनी म्हण आहे, जो रोजच मरतो त्याच्यासाठी कोण रडणार, म्हणजे नेहमीच्याच दुखण्याची कोणाला दया येत नाही. इथे मरे ला चे-ला काही चिकटलेलं नाही, म्हणजे ते क्रियापद असू शकतं, आणि ते आहेच. पण अवतरणचिन्हं पण आहेत, म्हणजे मध्य रेल्वेही. दोन्ही अर्थ एकदम वाचायचे.